होकाराआधी

मागच्या पावसाळ्यात वर्ध्याला घरून काम करत होतो, तेव्हा पाळकसाहेबांनी दृढीकरणाच्या वर्गाचा एक रविवार माझ्यावर सोपवला. विषय होता वचन. समोर चौदा ते सतरा वर्षांची सहा मुलं.

फळ्यावर मी दोन शब्द लिहिले: नवस आणि वचन. नवस सगळ्यांनाच माहीत होता. पास झालो तर अमुक करीन. त्यात 'तर' असतो. काम झालं नाही, तर आपण मोकळे. दृढीकरणात विचारतात त्या प्रश्नांत 'तर' नसतो. वाईटाला नकार देतोस का? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यावर विश्वास ठेवतोस का? ख्रिस्ताच्या मागे चालशील का? बाप्तिस्मा झाला तेव्हा आपण तान्हे होतो, उत्तरं आईवडिलांनी दिली. आता बिशप डोक्यावर हात ठेवण्याआधी तीच उत्तरं आपल्या तोंडून द्यायची असतात.

"पण दादा, मला कधीच शंका येणार नाही, असं कसं सांगू?" एका मुलीने विचारलं.

तसं कुणी मागतच नाही, मी म्हणालो. शंका येणं आपल्या हातात नसतं. हातात असतं ते प्रार्थना करणं, मंडळीत येत राहणं, चुकलं तर परत वळणं. वचन त्याचं, आणि तेही देवाच्या साहाय्याने.

"आणि मी यंदा थांबले तर?"

तिचा ड्रेस शिवून झाला होता, बिशप यायची तारीख ठरली होती. मी तिला आपल्याच चर्चची गोष्ट सांगितली. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांत बाप्टिस्टही होते. ते तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत; मूल मोठं होऊन स्वतः मागेपर्यंत थांबतात. नव्या चर्चने दोन्ही वाटा मान्य केल्या. म्हणजे थांबणं हा आपल्याकडे बंडखोरपणा नाही. थांबलीस तरी तुझा बाप्तिस्मा पुसला जात नाही. प्रभुभोजन मात्र तोवर लांबतं, आणि तेवढं सोसावं लागतं.

मग मी माझं सांगितलं. पंधराव्या वर्षी मी 'हो' म्हणालो, कारण चुलतभाऊ म्हणत होते आणि नवा कोट होता. पुढे पुण्यात चार वर्षं चर्चची पायरी चढलो नाही. वचन मोडलं असंही वाटलं नाही, कारण दिल्यासारखंच वाटलं नव्हतं. थांबता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"पण थांबायचं तर प्रश्न घेऊन थांब," मी म्हणालो. "नुसता कंटाळा असेल, तर पुढच्या वर्षीही तोच असेल."

त्या रविवारी पाच जण गुडघ्यावर बसले. ती आईशेजारी बाकावर होती. आई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. मुलगी मात्र दर रविवारी वर्गाला येते, वहीत प्रश्न लिहून.