विदूषकाचं ऐका!

शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ वाचताना मला नायक चारुदत्तापेक्षा त्याचा विदूषक मित्र मैत्रेय जास्त काही सांगून जातो. हा भित्रा, खादाड, मित्राच्या श्रीमंतीतल्या जेवणावळी आठवून हळहळणारा. म्हणून आपण त्याला हसतो.

तिसऱ्या अंकात वसंतसेनेने ठेवायला दिलेले दागिने चोरीला जातात. मैत्रेय सुचवतो, ठेव मिळालीच नाही म्हणू, साक्षीदार कोण आहे? चारुदत्त खोटं बोलायला साफ नकार देतो. विदूषकाचा हा सल्ला नसता, तर नायकाचा सच्चेपणा आपल्याला दिसला कसा असता?

पण भरपाई कोण करतं? पत्नी धूता, स्वतःची रत्नमाला देऊन! एवढी मोलाची माळ त्या हलक्या दागिन्यांपायी का द्यायची, हे विचारणारा मैत्रेयच. नायकाच्या मोठेपणाची किंमत घरातली बाई मोजते आहे, हे त्याच्या कुरकुरीमुळेच आपल्या ध्यानात येतं.

दहाव्या अंकात चारुदत्ताला वधस्थानी नेतात, तेव्हा हाच भित्रा म्हणतो, याला सोडा, मला मारा.

मित्रांनो, नायकाचे गोडवे सगळेच गातात. त्याचा हिशेब मात्र विदूषकाकडे असतो.