कुकरची शिट्टी आणि ओट्याजवळची खुर्ची

आपल्यापैकी अनेकांच्या घरून यंदा एखादे नातवंड शिक्षणासाठी परगावी जाईल. बारावीची परीक्षा आणि महाविद्यालयातील प्रवेश यांच्या मधे जे काही आठवडे हाती लागतात, त्यांत त्याला स्वयंपाक शिकवावा असे घरात सर्वांच्याच मनात येते. मग कोणी अंड्याची पोळी शिकवते, कोणी पोहे, कोणी चहा. हे सारे पदार्थ चांगलेच आहेत. परंतु ते मूल कसेही शिकते, खोलीतल्या मित्रांकडूनही शिकते. हाती थोडेच दिवस असतील तर मी ते सगळे कुकरला देईन. वरणभाताचा कुकर नीट लावता आला की पाणी, आच, वेळ आणि माप या चारही गोष्टी हाताखालून जातात. शिवाय परक्या गावात, जवळ मोठे माणूस नसताना, स्वयंपाकघरातले हेच एक भांडे अजाण हातांत धोक्याचे ठरू शकते.

माझा नातू पुण्यात दोन मित्रांसह खोली घेऊन राहणार होता, तेव्हा मी हेच केले. संधिवातामुळे माझ्या बोटांना भांडे उचलवत नाही. म्हणून ओट्याजवळ खुर्ची मांडून मी बसत असे आणि काम सगळे तो करीत असे. वाचकहो, आपल्या दुखऱ्या हातांचा असाही उपयोग होतो. धडधाकट आई मुलाचा गोंधळ पाहून झारा हातातून काढून घेते. खुर्चीत बसलेल्या आजीला ते शक्यच नसते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट शब्दांत सांगावी लागते. ‘अंदाजाने पाणी घाल’ हे वाक्य तिथे चालत नाही.

आमचे माप असे ठरले. दोघांसाठी एक वाटी तांदूळ आणि त्याला दोन वाट्या पाणी. अर्धी वाटी तुरीची डाळ, अर्धा तास भिजवलेली, तिला दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद आणि दोन थेंब तेल. तेलामुळे फेस कमी येतो. मीठ, चिंच, आमसूल नंतर. आंबट आधी घातले की डाळ शिजायला हट्ट करते. ही दोन भांडी कुकरमध्ये एकावर एक ठेवायची आणि कुकरच्या तळाशी वेगळे दोन वाट्या पाणी घालायचे. भांड्यांतले पाणी अन्नासाठी, तळाचे पाणी वाफेसाठी, हे त्याला निराळे सांगावे लागले. आपल्याला ते इतके अंगवळणी पडलेले असते की सांगायचेच राहून जाते.

झाकण लावण्यापूर्वी ते उजेडाकडे धरून शिट्टीच्या नळीतून आरपार दिसते की नाही हे पाहायचे. डाळीचा फेस किंवा भाताचे शीत त्या नळीत अडकून वाळते आणि वाफेची वाट बंद होते. रिंग बसली आहे ना, ती कडक होऊन तडकलेली नाही ना, हेही तेव्हाच पाहायचे. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे कुकरचा शेवटचा रखवालदार. आत फाजील दाब किंवा उष्णता झाली की तो वितळून वाफ बाहेर सोडतो. तो एकदा गेला की त्याच बनावटीचा नवा बसवावा लागतो. तिथे दुसरे काही ठोकून काम भागवायचे नाही.

शिट्ट्या मोजण्यावर माझा फारसा विश्वास नाही. मोठ्या आचेवर त्या भराभर होतात, बारीक आचेवर रेंगाळतात. डाळ शिजते ती वेळेने. उघड्या पातेल्यातले पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळते. कुकरमध्ये दाबामुळे उष्णता एकशेवीस अंशांच्या जवळ जाते, म्हणून काम लवकर होते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून बारा मिनिटे घड्याळ लावायचे. मग गॅस बंद करून कुकर आपोआप निवू द्यायचा. शिट्टी अलगद उचलून पाहावी. सूं असा आवाज आला तर आत दाब आहे, हात मागे घ्यावा. झाकण जोर लावून उघडायचे नाही, मग पोटात कितीही कावळे ओरडोत.

तिसऱ्या आठवड्यात एक प्रसंग घडला. आमच्या कुकरला मध्यम आचेवर पहिली शिट्टी आठ-नऊ मिनिटांत होते, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले होते. त्या दिवशी अकरा मिनिटे झाली तरी शिट्टी नाही, वाफेची फुरफुरही नाही. मी विचारले, “अरे, काही ऐकू येतंय का?”

तो म्हणाला, “नाही आजी. पण तापलेल्या पत्र्यासारखा वास येतोय.”

“मग आता काय करायचं?”

त्याने गॅस बंद केला आणि झाकणाकडे हात नेला. तेवढ्यात स्वतःच थांबला. तापलेल्या कोरड्या कुकरवर गार पाणी ओतायचे नाही, हेही त्याला आठवले. अर्ध्या तासाने उघडून पाहिले तर तळ कोरडा आणि काळवंडलेला. तळाचे पाणी घालायचेच राहिले होते. वास आणि शांतता या कुकरच्या दोन खुणा त्या दिवशी त्याला जितक्या पटल्या, तितक्या माझ्या सांगण्याने पटल्या नसत्या. वाफ रिंगच्या कडेने निसटत असेल तर तीही अशीच शिट्टी होऊ देत नाही. मात्र तेव्हा फुसफुस ऐकू येते. शांतता असेल तर पाण्याची शंका घ्यावी.

उरलेल्या भाताविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण इथे आपली जुनी सवय आडवी येते. रात्रीचा भात झाकून ओट्यावर ठेवायचा आणि सकाळी त्याला फोडणी द्यायची, हे आपण वर्षानुवर्षे केले. परंतु तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे असू शकतात आणि ती शिजवूनही मरत नाहीत. भात उबदार हवेत तासन्‌तास राहिला की ती वाढतात व विष तयार करतात. पुन्हा गरम केल्याने ते विष नाहीसे होत नाही. उलट्या आणि जुलाब होतात ते त्यामुळे. म्हणून उरलेला भात पसरट ताटलीत पटकन निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. फोडणीचा भात सोडायला मी त्याला सांगितले नाही. तो सोडणे माझ्याच्याने झाले नसते! खोलीवर फ्रीज नसेल तर मापच कमी घ्यायचे: माणशी अर्धी वाटी तांदूळ.

जाताना त्याच्या सामानात एक जादा रिंग आणि एक व्हॉल्व्ह दिला. पहिल्याच आठवड्यात फोन आला, डाळ शिजत नाही म्हणून. माप तेच, वेळ तीच, डाळही घरूनच नेलेली. बदलले होते ते फक्त पाणी. खोलीवर बोअरचे पाणी होते, आणि त्यातल्या क्षारांमुळे डाळीचे दाणे टणक राहतात. मी त्याला पिण्याचे गाळलेले पाणी वापरून, डाळ दोन तास भिजवून पाहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी वरण मऊ झाले. आता त्याची तक्रार निराळी आहे: कुकर तो लावतो, आणि घासण्याची पाळी ज्याची असते तो नेमका त्या रात्री उशिरा येतो.