अर्ध्या मिनिटाची ओळख

केनवडात कुणी स्वतःची ओळख करून देत नाही. पारावरचा म्हातारा विचारतो, "कोनाची वं तू?" बापाचं नाव सांगितलं की वावर, विहीर, आजोळ, सगळं त्यालाच ठाऊक असतं. खरेदीदार-विक्रेत्यांच्या मेळाव्यात मात्र समोरच्याला रिसोड तालुकाही माहीत नसतो आणि हाती असतात तीस सेकंद.

माझी पुतणी बचतगटातून तूरडाळ करते. मेळाव्यासाठी तिनं लिहून आणलं होतं: "आमचा गट दर्जेदार कृषी उत्पादनांच्या निर्मिती व विक्री क्षेत्रात कार्यरत आहे." घरात ती असं कधीच बोलत नाही. असं वाक्य पाठ करावं लागतं आणि पाठ केलेलं ऐकू येतं. आवाज एकसुरी होतो, डोळे वर जातात. शिवाय यातला एकही शब्द फक्त तिच्या डाळीचा नव्हता.

मी कागद बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, "गिऱ्हाईक काय म्हणतं?"

"काका, ते म्हणतात डाळ चमकत नाही."

हेच धरायचं ठरलं. तीस सेकंदांत निवांत बोललं तर साठेक शब्द मावतात. तिचं बोलणं असं झालं:

"नमस्कार, मी वाशीम जिल्ह्यातल्या केनवडची. आमची तूरडाळ बाजारातल्या डाळीसारखी चमकत नाही, कारण आम्ही तिला तेल-पाण्याची पॉलिश देत नाही. तूर आमच्याच वावरातली, भरडतोही आम्ही बायकाच. महिन्याला पाच क्विंटल देऊ शकतो. दर महिन्याला माल घेणारा किराणा दुकानदार शोधतेय." मग जरा थांबून, सावकाश, स्वतःचं नाव.

नाव शेवटी ठेवलं ते मुद्दाम. पहिल्या दोन-तीन सेकंदांत ऐकणाऱ्याचा कान आवाजाला सरावत असतो, तेव्हाचं नाव निसटतं. डाळीबद्दल कुतूहल वाटलं की माणूस नाव लक्षात ठेवायला तयार होतो. पाच क्विंटलही हवेतच. आकड्यामुळे दुकानदार मनात लगेच हिशेब करू लागतो. गटाची स्थापना, सभासद, बक्षिसं मात्र गाळली. ती विचारल्यावर सांगायची.

पाठांतर तिनं केलं नाही. चमक, वावर, पाच क्विंटल, दुकानदार, नाव हा क्रम तेवढा लक्षात ठेवला. मधले शब्द दर वेळी थोडे बदलतात, म्हणूनच ते बोलणं वाटतं. पारख शेजारच्या काकूंवर केली. एकदा ऐकवलं, चहा झाला, इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या आणि मग विचारलं, काय आठवतं? "न चमकणारी डाळ," त्या म्हणाल्या, आणि पाठोपाठ, "पन पॉलिश कायले करतात वं?" ओळखीतून असा प्रश्न निघाला की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं. "छान बोललीस" एवढंच ऐकू आलं असतं, तर पुन्हा बसावं लागलं असतं.

मेळाव्यात गलका असतो, कधी माइक दहाच सेकंदांत पुढे जातो. तेवढ्यासाठी तिनं गाव, न चमकणारी डाळ आणि नाव एवढंच राखून ठेवलंय. पाच क्विंटलचा आकडा मग चहाच्या टेबलाशी.