खालची खाट

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात स्त्रियांच्या निवासाची फेरिस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे केले, आणि या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे ते एका तरुण सहकारिणीच्या स्वाधीन करीत असताना प्रथमच असे ध्यानात आले की, ज्याला मी इतके दिवस नुसता शिरस्ता समजत होते त्यात माझी कितीतरी मते आणि माझा बराचसा अभिमान गुंतलेला आहे. तिने पहिल्याच दिवशी संगणकावर सर्व नावे वयाच्या उतरत्या क्रमाने लावली, वरची दहा नावे खालच्या खाटांना आणि उरलेली वरच्या खाटांना जोडली, आणि काही क्षणांत तयार झालेला तो निर्दोष तक्ता माझ्यापुढे ठेवला. मी तो दोनदा वाचला. त्यात खोट काढण्यासारखे एकही स्थळ नव्हते, आणि तरीही त्या तक्त्याबरहुकूम बायका झोपवल्या असत्या तर पाचव्या दिवशी काय झाले असते ते मला स्पष्ट दिसत होते.

आमचे केंद्र लहान. इगतपुरीला 1976 पासून उभ्या राहिलेल्या धम्मगिरीचा विस्तार, तिथल्या स्वतंत्र खोल्या, यांची आम्हांला आस नाही. स्त्रियांच्या बाजूला एकच मोठे दालन, त्यात दहा दुमजली लोखंडी खाटा, म्हणजे वीस जागा, त्यांपैकी दहा खालच्या. पुरुषांचे दालन आवाराच्या दुसऱ्या टोकाला, त्यांची फेरिस्त निराळी, त्यांचा व्यवस्थापक निराळा. तिकडे पंचविशीतले विद्यार्थी अधिक आल्यामुळे चार खालच्या खाटा सहज सुटण्यासारख्या असल्या आणि इकडे साठी उलटलेल्या स्त्रियांची दाटी झाली, तरी त्या चार खाटांचा आम्हांला काडीचा उपयोग नसतो. स्त्री-पुरुषांच्या पूर्ण विभक्ततेचा नियम या साधनेच्या मुळाशी आहे आणि तो मला मान्य आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, आपली तूट आपल्याच दालनात भरून काढावी लागते.

वय हे गरजेचे माप आहे असे रेल्वेने ठरवले आहे. पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीला खालचा बर्थ मिळावा अशी तिची तजवीज आहे, आणि एका रात्रीच्या प्रवासाला ती पुरेशी आहे. आमच्याकडे अकरा रात्री काढायच्या असतात, पहाटे चारला घंटा होते, दालनात मंद दिवा असतो आणि शिडीवरून उतरणारीच्या अंगात बहुधा पायघोळ गाऊन असतो. चढणे कोणालाही जमते. चढताना डोळे पायरीवर असतात आणि हात पुढे असतात. उतरताना पायाला पायरी चाचपून शोधावी लागते, आणि त्याच वेळी गाऊनची कड टाचेखाली येते. म्हणून मी अर्जातल्या वयाच्या रकान्याकडे शेवटी पाहते. चक्कर येणारी, गरोदर, मणक्याचा विकार असलेली, रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे रात्री तीन-तीनदा उठावे लागणारी, या खालच्या खाटेच्या खऱ्या धनीण. मग त्यांचे वय तीस असो की सत्तर.

अडचण अशी की, या गोष्टी बायका सांगत नाहीत. अर्जात आजारांचा रकाना आहे. त्यात ‘काही नाही’ असा शेरा लिहून ज्या येतात त्यांपैकी कित्येकींच्या पिशवीत गोळ्यांच्या चार पट्ट्या निघतात. हे असत्य नव्हे. प्रवेश नाकारला जाईल ही भीती आणि आपल्यामुळे दुसरीला त्रास नको हा संकोच, या दोहोंनी मिळून ते घडते. खालची खाट हवी का असे विचारले तर भिडस्त बाई नाही म्हणते आणि धीट बाई हो म्हणते, आणि दोन्ही उत्तरांचा गरजेशी संबंध नसतो. म्हणून मी खाटेचे नावच काढत नाही. रात्री किती वेळा उठता, एवढेच विचारते, तेही सर्वांदेखत नव्हे, तर मोबाइल आणि मौल्यवान वस्तू जमा करून घेताना, पावती लिहिता लिहिता. या प्रश्नाला बायका खरे उत्तर देतात, कारण त्यात मागणी नसते. तेही नाही मिळाले तर चपला काढण्याची जागा उरते. नोंदणीचे टेबल मी त्या जागेसमोर मांडून घेतले आहे. एका पायावर उभी राहून जी चपलेचा बंद सोडू शकते, तिला शिडी जमते. जिचा हात नकळत भिंतीकडे जातो, तिला जमत नाही. या कसोटीने मला क्वचितच दगा दिला आहे.

काही केंद्रांत अलीकडे जी आधी येईल तिने खाट निवडावी अशी पद्धत रूढ होऊ लागली आहे आणि तिला न्याय्य म्हटले जाते. मी या पद्धतीच्या पूर्णपणे विरुद्ध आहे. मोटारीने दोन वाजता पोहोचणारी तरुणी खिडकीजवळची खालची खाट धरते, आणि एसटी बदलत बदलत, शेवटचा रस्ता पायी तुडवून पाच वाजता येणाऱ्या वृद्धेला पंख्याच्या पात्यांशेजारची वरची उरते. ज्या साधनेत शुल्क घेत नाहीत आणि ज्यांनी आधी शिबिर केले त्यांच्या दानावरच सर्व चालते, तिथे पैशाने न मिळणारी सोय वाहनाने मिळावी हे मला सहन होत नाही. जमिनीवर गादी घालून देण्याचा उपायही असाच, वरवर दयाळू दिसणारा. दीड फूट उंचीच्या खाटेवरून उठताना पाय खाली टेकून कडेला बसता येते. जमिनीवरून उठणे ही दुखऱ्या गुडघ्यांना शिडीहूनही कठोर शिक्षा आहे.

खाटा एकेक नव्हे, जोडीने वाटायच्या असतात, हेही त्या तक्त्याला ठाऊक नव्हते. वरची कूस बदलते तेव्हा खालचीची झोप मोडते. वरची रात्री उतरते तेव्हा तिचा पाय खालचीच्या उशाशी येतो. म्हणून ज्येष्ठ बाईच्या वर हलक्या अंगाची, गाढ झोपेची मुलगी द्यावी. रात्री उठणाऱ्या सर्वजणी दाराकडच्या खाटांवर एकत्र ठेवाव्यात, कारण दाराची करकर त्यांनाच कमी बोचते, आणि जिला कमी ऐकू येते तिला घोरणारीच्या शेजारी. हे जुळवण्यात रात्र जाते, आणि मला ती रात्र आवडत असे, हे कबूल केले पाहिजे.

तथापि ज्या गोष्टीने मला वर्षानुवर्षे छळले ती याहून वेगळी आहे. पहिले तीन दिवस साधक श्वासावर लक्ष ठेवतात. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि तेव्हापासून रोज तीन वेळा, एकेक तास, आसन न बदलता बसण्याचा निश्चय करावयाचा असतो. शून्य दिवशी उड्या मारीत जिना चढलेली तरुणी पाचव्या दिवशी न्याहारीच्या रांगेत कठड्याला धरून उभी असते. गरज ही नोंदणीच्या वेळी पूर्ण झालेली नसते. ती शिबिरातच निर्माण होते, आणि तोवर मौन सुरू झालेले असते. व्यवस्थेपुरते सेविकेशी बोलण्याची मुभा आहे, परंतु मौनात स्थिरावलेली बाई तेवढ्यासाठी ते मोडत नाही, सोसत राहते. म्हणून एक खालची खाट मी पाचव्या दिवसासाठी राखून ठेवते. रिकामी नव्हे, कारण प्रतीक्षायादीत बायका तिष्ठत असताना खाट रिकामी ठेवणे पाप आहे. तिथे मी सर्वांत धडधाकट मुलगी झोपवते आणि मौनापूर्वीच तिला एकीकडे घेऊन सांगते की, पाचव्या दिवशी चिठ्ठी आली तर न बोलता वर जायचे. अंथरूण बदलायला थोडा वेळ लागतो आणि शब्द एकही लागत नाही.

गेल्या शिबिरात यावरूनच आम्हा दोघींत मतभेद झाला. वीस बायका होत्या. साठीपुढच्या सहा, एक पाच महिन्यांची गरोदर, एक चक्करेची रोगी, एक मणक्याची, अशा नऊ खालच्या खाटा मुक्रर झाल्या, दहावी बावीस वर्षांच्या मुलीला, म्हणजे राखीव. नोंदणी संपत आली असता त्रेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका आल्या. अर्ज कोरा, पण चपला काढताना तळवा भिंतीवर, आणि रात्रीच्या प्रश्नाला उत्तर, ‘तीनदा तरी.’ राखीव खाट त्यांना द्यावी, असे माझ्या सहकारिणीचे म्हणणे. मी मात्र साठीपुढच्या सहाजणींकडे पाहत होते. त्यांत चौसष्ट वर्षांच्या एक शेतकरी आजी होत्या; त्यांनी आपली ट्रंक स्वतः उचलून आणली होती, नळावर उकिडव्या बसून तोंड धुतले आणि हात न टेकता उठल्या. नेसण नऊवारी, काष्टा घट्ट, पायात येईल अशी कडच नाही. त्यांना बाजूला घेऊन विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘‘अगं, माळ्यावरून कडबा उतरवतो आम्ही. या शिडीचं काय घेऊन बसलीस?’’ त्या वर गेल्या, त्यांच्या खालची दाराजवळची खाट शिक्षिकाबाईंना मिळाली, आणि राखीव खाट राखीव राहिली.

‘‘मावशी,’’ सहकारिणी मला एकांतात म्हणाली, ‘‘चौसष्ट वर्षांच्या आजी वर आणि बावीस वर्षांची मुलगी खाली, हे दालनातल्या सगळ्याजणी पाहणार. त्यांना काय वाटेल?’’ मी म्हटले, पाचव्या दिवसापर्यंत थांब. पाचव्या सकाळी पस्तिशीची एक बाई वरून उतरताना मधल्या पायरीवर थांबून राहिली. चिठ्ठी गेली, अदलाबदल झाली. माझ्या सहकारिणीने ते पाहिले, पण तिचे समाधान झाले नाही. तिचे म्हणणे असे की, कदाचित येणाऱ्या गरजेसाठी मी आज समोर असलेल्या वयाचा मान मोडला, आणि आजींनी हो म्हटले ते माझ्या विचारण्याच्या पद्धतीमुळे, कारण त्या पिढीची बाई नाही म्हणतच नाही. या दुसऱ्या आक्षेपाला माझ्याजवळ उत्तर नाही. उकिडवे बसून उठणे मी पाहिले होते; मनातले मला दिसत नाही.

आणि मला या कामात सुख होते, तेही सांगते. दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटते, अंगणात एकदम कल्लोळ होतो, आणि एखादी बाई येऊन म्हणते, ताई, तुम्हांला कसे कळले? या एका वाक्याची मी प्रत्येक शिबिरात वाट पाहिली आहे, सेवेत निरपेक्ष असावे हे ऐकत असताना वाट पाहिली आहे. आणि काम सोपवताना जी ओढ जाणवते ती खाटांची नव्हे, या वाक्याची आहे.

सहकारिणीने आता विश्वस्तांसाठी अर्जाचा मसुदा केला आहे की, चार खाटांचे वरचे मजले काढून टाकावेत. चार चढउतार वाचतील; चार जागाही जातील, म्हणजे दर शिबिरात चार बायका दारातूनच परत, आणि त्या कोण ते आपल्याला कधी दिसणारही नाही. मी तिला सांगितले की मजले काढू नकोस, पायऱ्या बदलून घे. गोल सळीऐवजी चपट्या, रुंद, आणि धरायला एक दांडा वरपर्यंत. तिने ते मसुद्यात खाली लिहून घेतले आहे, वरचे कलम मात्र तसेच ठेवले आहे, आणि सहीसाठी कागद माझ्याकडे पाठवला आहे.