बाबांची तीस सेकंदं

इंदूरच्या मिल एरियात, मालवा मिल-परदेशीपुरा भागात वाढलेल्यांना ही गोष्ट सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. लूम खात्यात शेकडो माग एकदम चालतात. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी आणि हातांनी बोलायची. दोन बोटांची कैंची म्हणजे धागा काप, अंगठा-तर्जनी फिरवली की गाठ मार. चहाची, मुकादमाची, पगाराची, प्रत्येकाची खूण ठरलेली. बाबांनी अशी तेवीस वर्षं काढली आणि कान गमावले. नव्वदच्या दशकात इथल्या मिल्स एकेक करून बंद पडल्या, त्यात त्यांचीही गेली. घरी मात्र खुणा राहिल्या. माझी खूण म्हणजे कानाजवळ मूठ फिरवायची. दोन वेण्या.

मी मुंबईत एडिटर झाले. बाबांना ते काम कधी कळलं नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. कोणी विचारलं तर म्हणायचे, "कॉम्प्युटरवर काहीतरी करते बुवा."

२००९ मध्ये इथल्या काही मुलांनी मिल कामगारांवर वीस मिनिटांची फिल्म केली. बाबा त्यात दीड-दोन मिनिटं आहेत. ते गेल्यावर वर्षश्राद्धाला चार जुने लोक जमणार होते, त्यांना ही फिल्म दाखवावी असं आईच्या मनात आलं. मला त्यातली एक गोष्ट नेहमी खटकायची. बाबा बोलताना मध्ये थांबतात, तिथे तीनदा तीच बारीक खसखस ऐकू येते. ती काढावी म्हणून मी मूळ टेप मागवली.

हे समजायला रूम टोन म्हणजे काय ते सांगावं लागेल. मुलाखतीतलं "अं, म्हणजे" कापलं की तिथे नुसता आवाज जात नाही, त्या खोलीची शांतताही जाते. कान लगेच अडखळतो, जणू भोक पडलं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, त्यामुळे दुसरीकडची चालत नाही. म्हणून मुलाखत संपली की सगळ्यांना तीस सेकंद गप्प बसवतात, माइक चालू ठेवतात, आणि पुढे तोच तुकडा भोकांमध्ये भरतात. त्या वेळचं चित्र कोणी बघत नाही. बघण्यासारखं काय असतं? एक माणूस खुर्चीत बसलेला.

आता कार्डवरून फाइल पाच मिनिटांत येते. मिनी-डीव्हीची टेप मात्र तासाची असेल तर कॉम्प्युटरमध्ये घ्यायला तासच लागतो. मी बसून राहिले. शेवटी कॅमेऱ्यामागून आवाज आला, "काकासाहेब, बस तीस सेकंड, एकदम चुप."

पंखा बंद केलेला, त्यामुळे बाबांच्या कपाळावर घाम. नऊ सेकंद ते शहाण्या मुलासारखे बसले. मग त्यांची नजर डावीकडे स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. हात वर आला, आणि कॉलर माइकवर शर्ट घासला. तीच खसखस! त्या एडिटरने पहिली दहा सेकंदं उचलली होती, हात वर येण्याची सुरुवात त्यात आली, आणि तोच तुकडा त्याने तीन ठिकाणी वापरला होता.

पुढची वीस सेकंदं फिल्ममध्ये कुठेच नाहीत. बाबांनी कानाजवळ मूठ फिरवली. मग दोन बोटांची कैंची. मग ओठांवर बोट. आणि शेवटी अंगठा-तर्जनी, गाठ.

मी टेप थांबवली, मागे घेतली, परत पाहिली. बऱ्याच वेळा.

आईला बोलावलं. ती चष्मा पुसत बसली समोर. पाहून म्हणाली, "हो, मी दारात होते ना. खुणेनं विचारलं, ही पोरं तुम्हाला चुप बसवून काय करून राहिलीत?"

"मग बाबा काय म्हणाले?"

"दिसतंय ना. आपल्या वेणीवालीचं काम. कापायचं, आणि ही शांतता घेऊन गाठ मारायची."

एका दिवाळीत चहा पिताना मी हे त्यांना समजावलं होतं. ते मान हलवत होते, पण अर्धं ऐकू येत नसणार असं वाटून मी आवरतं घेतलं होतं. मला वाटतं ते कानांनी ऐकतच नव्हते, माझे ओठ वाचत होते.

वर्षश्राद्धाला फिल्म दाखवली. दोन जागची खसखस काढली, तिसरी तशीच ठेवली. शेवटी नावं संपल्यावर ती तीस सेकंदं जोडली, साडेसातशे फ्रेम, न कापता. कोणाला काही समजावलं नाही. बाबांच्या खात्यातले एक काका, ऐंशीच्या पुढचे, खुर्चीतून अर्धवट उठले आणि पडद्याकडे बघून उलटी खूण केली.

मी आईला विचारलं, हे काय म्हणाले?

"गाठ पक्की आहे का, विचारतायत."