खोल्या, कॅमेरे आणि वीक्षक

पाटनला मी प्रभारी प्राचार्य असतानाची गोष्ट. मराठीत ज्याला आपण पर्यवेक्षक म्हणतो त्याला तिकडच्या कार्यालयीन हिंदीत ‘वीक्षक’ म्हणतात, आणि ‘पर्यवेक्षक’ म्हटलं की तो वीक्षकांवरचा माणूस होतो. ज्याला आपण कॉपी म्हणतो ती ‘नकल’. जबलपूरच्या मराठी घरात वाढलेला असल्यामुळे या दोन भाषांतला गोंधळ मला नवा नव्हता, पण त्या एका पत्राने मला दोन्ही शब्दांचा नीट विचार करायला लावला.

पत्र विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रकांना होतं. विषय: महाविद्यालयाला परीक्षा केंद्र करण्याबाबत. आमची मुलं परीक्षेला जबलपूरला जात. अंतर तीसेक किलोमीटर, म्हणजे फार नाही. पण उन्हाळ्यात पहिल्या पाळीचा पेपर सकाळी सातला, आणि मुली यायच्या त्या पाटनपासून आणखी आठ-दहा किलोमीटर आतल्या गावांतून. पहाटे चारला घरून निघायचं तर सोबत भाऊ किंवा बाप हवा. गहू कापणीला आलेला असतो, बापाला वेळ नसतो. दरवर्षी हजेरीपटावर काही नावं पेपरच्या दिवशी गैरहजर लागत, आणि जुलैत ती नावं यादीतून निघून जात. नापास झालेली मुलगी पुन्हा फॉर्म भरते. पेपरलाच न गेलेली बहुधा भरत नाही.

बाबूजींनी मसुदा तयार ठेवला होता. दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजचा नमुना समोर ठेवून लिहिलेला. ‘कक्ष 9, बैठक क्षमता 400, सभी कक्षों में सीसीटीवी, वीक्षक 20.’ मी सही करायला पेन उघडलं आणि सहज म्हटलं, “बाबूजी, जरा खोल्या मोजून येऊ या.”

नऊपैकी एक प्रयोगशाळा, तिथली टेबलं जमिनीत बसवलेली आणि समोरासमोर. एक ग्रंथालय. उरल्या सात. एका खोलीत बाकांच्या चार रांगा, प्रत्येकीत सहा बाकं. वर्ग चालू असताना एका बाकावर दोघं-तिघं बसतात, परीक्षेत एकच. सात चोक अठ्ठावीस रांगा, सहाने गुणले की 168. चारशेचा आकडा वर्गात कोंबून बसवण्याचा होता.

पण मग 168 पुरतात का? इथे बहुतेक जण एकूण पटसंख्या पाहतात, ती पाहायचीच नसते. पाहायची ती एका पाळीतली सर्वांत मोठी गर्दी. आमच्याकडे ती आधार पाठ्यक्रमाच्या पेपरला होई, कारण भाषेचा तो पेपर बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. अशा सगळ्यांना सक्तीचा. प्रथम वर्षाची 190 मुलं एकाच वेळी. बावीस जागा कमी. ग्रंथालयात मोठी टेबलं काढून तीस बाकं लागतात, हे आम्ही प्रत्यक्ष लावून पाहिलं. बाबूजी घामाघूम झाले, पण आकडा जमला.

मग कॅमेरे. आमच्याकडे आठ होते, सात खोल्यांत आणि आठवा प्रश्नपत्रिकांचं कपाट जिथे ठेवायचं त्या खोलीत. डीव्हीआरला जोडण्याही आठच. ग्रंथालयाला नववा कुठून आणायचा हा प्रश्न नंतरचा. आधी मी म्हटलं, बारा दिवसांपूर्वीचं चित्रण दाखवा. नव्हतं. सहा दिवसांपूर्वीचंही नव्हतं.

कारण साधं आहे, पण कुणी हिशेब करत नाही. आमच्यासारखा कॅमेरा तासाला सुमारे 0.9 जीबी भरतो. आठ कॅमेरे चोवीस तास चालले की दिवसाला 173 जीबी. हार्ड डिस्क एक टीबीची. पाच-साडेपाच दिवसांत ती भरते आणि गुपचूप जुन्यावर नवं लिहू लागते. परीक्षा चालते दीड महिना. चौथ्या आठवड्यात पहिल्या पेपरची तक्रार आली असती तर आमच्याकडे दाखवायला रिकामा व्हरांडा होता. आणि पडद्यावरची तारीख 2000 सालातली! आतला बटणासारखा सेल संपलेला असला की वीज गेल्यावर घड्याळ मूळपदावर जातं. पाटनला वीज जाणं म्हणजे काही बातमी नव्हे.

सेल बदलला. डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांचा पुरवठा दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. आधी फक्त डीव्हीआर होता, म्हणजे वीज गेल्यावर तो इमानेइतबारे अंधार नोंदवत बसे. डिस्क चार टीबीची आणली. खोल्यांतले कॅमेरे सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढेच नोंदवतील असं ठरवलं, कपाटाच्या खोलीतला मात्र अहोरात्र. आता दिवसाला 104 जीबी, म्हणजे अडतीस दिवस. रविवार वगळले तर दीड महिना निघतो. दोन खोल्यांत कॅमेरा खिडकीकडे तोंड करून होता, त्यात मुलं नुसत्या सावल्या दिसत. तो फळ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात हलवला, म्हणजे हातही दिसतात. ग्रंथालयात मेमरी कार्डवर स्वतंत्र नोंदवणारा कॅमेरा लावला.

वीक्षकांच्या यादीवर मी सर्वांत जास्त वेळ बसलो. वीस नावांत एक जण बदली होऊन गेलेला, दोन शिपाई. खरे शिक्षक अकरा: सहा नियमित, पाच अतिथी विद्वान. खोलीत दोघे या हिशेबाने आठ खोल्यांना सोळा, पाणी-लघवीला सोडवणारे दोन, एकूण अठरा. ज्याचा विषय त्या दिवशी आहे त्याला त्या पाळीत ठेवायचं नाही. मुलींच्या तपासणीला बाई हवीच. बाकीचे सात शाळेतून मागायचे, तर शाळेचे शिक्षक बोर्डाच्या परीक्षेत अडकलेले. मी शाळेच्या प्राचार्यांकडून तारखांसकट संमतीपत्र घेतलं आणि सोबत जोडलं.

बाबूजी हळूच म्हणाले, “सर, इतना सच लिखेंगे तो केंद्र नहीं मिलेगा.”

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. विद्यापीठाची खरी शंका खोल्यांबद्दल नसते. गावात वीक्षक आणि परीक्षार्थी एकमेकांना ओळखतात, कुणी भाचा असतो, कुणी घरमालकाचा मुलगा. मध्यप्रदेशात नकलेवर अजून 1937 चा परीक्षा कायदा लावतात, जबलपूर आणि नागपूर एकाच मध्यप्रांतात होते तेव्हाचा. पण भाच्याकडे काणाडोळा करणाऱ्या मामाला कायदा कुठून दिसणार? म्हणून पत्रात एक परिच्छेद घातला: ज्या वीक्षकाचा नातेवाईक परीक्षेला आहे त्याने आधी लेखी कळवायचं, त्या पाळीत तो नसेल, आणि खोली कुणाला कुठली हे सकाळी साडेसहाला चिठ्ठ्या टाकून ठरेल. पहिलं कळवणारा मीच होतो. बायकोच्या मावसबहिणीचा मुलगा बी.कॉम.ला होता.

क्षमता लिहिली 198, त्यातल्या 30 ‘केवळ आधार पाठ्यक्रमासाठी, ग्रंथालयात’.

पाहणीला दोघे आले. एकाने टेप काढून दोन बाकांमधलं अंतर मोजलं. दुसऱ्याने बाकी काही न पाहता खुर्ची डीव्हीआरसमोर ओढली आणि म्हणाला, तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार लावा, दुपारी चार. बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं आणि माऊस हातात घेतला. खोली क्रमांक तीन, रिकामी, पंखा चालू. कुणीतरी बंद करायला विसरलं होतं.

केंद्र एका वर्षासाठी मिळालं, तेही फक्त आमच्याच विद्यार्थ्यांपुरतं. पहिल्या पेपरला सहा वाजून चाळीस मिनिटांनी फाटकातून सायकली येऊ लागल्या. एका मुलीच्या कॅरियरवर मटारचं रिकामं पोतं होतं. परत जाताना बाजारातून काही आणायचं असेल.