बस गेली

न्यू जर्सीची भाची सुट्टीला लांज्यात आलीय. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलते. गेल्या वर्षी घरातले तिच्या मराठीला हसले, तर आठवडाभर नुसतं इंग्रजी! म्हणून मी चूक दाखवत नाही, तिचंच वाक्य नीट करून विचारते.

‘आत्या, आय वॉज लेट. बस गेला.’

‘बस गेली? मग आता?’

‘नेक्स्ट आली की जाते.’

इंग्रजी शब्द खुशाल राहू देत. पण मराठीत आले की त्यांनाही लिंग लागतं: ती बस, तो फोन, ते तिकीट. नुसतं ‘हो’ म्हणाली, तर फरक ऐकला की नाही कळत नाही. मग तोच शब्द पुन्हा लागेल असं विचारायचं.

संध्याकाळी रत्नागिरीहून परतली.

‘तिकीट मिळाली, ईझिली.’

‘मिळालं? कितीला?’

‘मिळालं, बट कितीला, आय फर्गॉट.’